‘हँग झालाय’ असा घरून फोन आला की: आईवडिलांकडून कॉम्प्युटर रिस्टार्ट कसा करून घ्यायचा आणि दुरुस्तीसाठी काय लिहून ठेवायचं

मुलं पुण्यात किंवा बंगळूरला, आईवडील कोल्हापुरात, आणि घरात विंडोज १० किंवा ११ वर चालणारा एक डेस्कटॉप. सोसायटीचा हिशोब, पेन्शनचे कागद, नातवंडांचे फोटो सगळं त्यातच. अशा घरातून ‘हँग झालाय’ म्हणून पुन्हा पुन्हा फोन येत असेल तर हे लिखाण त्या मुलांसाठी आहे. लॅपटॉपलाही यातलं बरंचसं लागू पडतं.

आधी लक्षणं

‘हँग’ या एका शब्दात वेगवेगळे बिघाड येतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा असतो. म्हणून काही दाबायला सांगण्याआधी नेमकं काय दिसतंय ते काढून घ्या.

बाण हलतो, पण क्लिक केल्यावर काही होत नाही, खिडकीच्या वरच्या पट्टीवर Not Responding दिसतं: एकच प्रोग्रॅम अडकलाय किंवा डिस्क मंदावली आहे.

बाणही हलत नाही आणि कोपऱ्यातलं घड्याळ जुन्याच वेळेवर थांबलंय: बहुधा सगळी यंत्रणाच अडकली.

बाण हलत नाही, पण घड्याळ पुढे जातंय: कॉम्प्युटर ठीक आहे, माऊस मेलाय.

स्क्रीन काळी, पण सीपीयूच्या डब्यातून पंख्याचा आवाज येतोय: मॉनिटर, त्याची वायर किंवा झोपेतून न उठलेला कॉम्प्युटर.

निळी किंवा काळी स्क्रीन, त्यावर इंग्रजी मजकूर आणि खाली Stop code: विंडोजने स्वतःच काम थांबवलंय. याचा फोटो हवाच.

गोल फिरतंय आणि Working on updates लिहिलंय: हा बिघाडच नाही.

पूर्ण स्क्रीनभर ‘व्हायरस आलाय, या नंबरवर फोन करा’: हा कॉम्प्युटरचा बिघाड नाही, फसवणूक आहे. त्याबद्दल पुढे वेगळं लिहिलंय.

फोनवर कसं विचारायचं

‘स्क्रीनवर काय दिसतंय?’ असं विचारलं तर ‘नेहमीचंच दिसतंय’ हे उत्तर येतं, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंही असतं. प्रश्न हो-नाहीत किंवा एका आकड्यात उत्तर देता येईल असा विचारा. ‘बाबा, माऊस हलवल्यावर बाण हलतो का?’ ‘आई, खाली उजव्या कोपऱ्यात किती वाजलेत? आणि भिंतीवरच्या घड्याळात?’ एका वेळी एकच कृती सांगा आणि ती झाल्यावर काय बदललं ते त्यांच्या तोंडून ऐका. तोवर पुढची सांगू नका. दोन कृती एकदम सांगितल्या तर त्यातली कुठली झाली हे तुम्हाला कळत नाही, आणि पुढचं सगळं निदान अंदाजावर जातं.

फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवायला सांगा. एका हातात फोन धरून तीन बटणं एकदम दाबणं साठी-सत्तरीच्या माणसाला जमत नाही. घरात दोघं असतील तर एकाने कॉम्प्युटरसमोर बसावं आणि दुसऱ्याने व्हॉट्सअॅपवर फोटो काढून पाठवावेत. व्हिडिओ कॉलपेक्षा फोटो चांगला. व्हिडिओत स्क्रीनवरची अक्षरं चमकतात आणि वाचता येत नाहीत.

वस्तूंची नावं आधीच ठरवून घ्या. टीव्हीसारखा दिसतो तो मॉनिटर, आणि खाली किंवा बाजूला असतो तो मोठा डबा म्हणजे सीपीयू. हे ठरलं नसेल तर सगळ्यात नेहमीची गडबड होते: वडील मॉनिटरचं बटण बंद-चालू करतात आणि ‘रिस्टार्ट केला, तरी तसाच आहे’ म्हणतात. मॉनिटर बंद केल्याने कॉम्प्युटरला काहीच कळत नाही. पुढच्या वेळी घरी जाल तेव्हा सीपीयूच्या पॉवर बटणाशेजारी लाल टिकली चिकटवा. मग फोनवर ‘लाल टिकलीचं बटण’ एवढं म्हटलं तरी पुरतं.

पहिली तपासणी: पाच मिनिटं काहीच न करणं

घड्याळ बघून पाच मिनिटं माऊस-कीबोर्डला हात न लावता थांबायला सांगा. अडकलेला वाटणारा कॉम्प्युटर पुष्कळदा डिस्कवरून काहीतरी वाचत असतो. तेवढ्या वेळात वैतागून केलेला प्रत्येक क्लिक रांगेत जमा होतो आणि मोकळा झाल्यावर एकच फाइल दहादा उघडते, मग तो पुन्हा अडकतो. सीपीयूच्या तोंडावर पॉवरच्या दिव्याशिवाय बहुतेक वेळा आणखी एक छोटा दिवा असतो, तो डिस्कचा. तो लुकलुकत असेल तर काम चालू आहे. पाच मिनिटं एकसारखा पेटलेला राहिला किंवा एकदाही लागला नाही, तर ते वहीत लिहायला सांगा.

Working on updates दिसत असेल तर पाच मिनिटं पुरत नाहीत. जुन्या कॉम्प्युटरवर तासभरही लागतो आणि टक्केवारी मध्येच एका आकड्यावर बराच वेळ अडून राहते. या काळात बटण दाबून बंद केला तर विंडोजच्या फाइली अर्धवट राहतात आणि मग साध्या फोनवर सुटणारं काम दुकानात जातं. तो चालू ठेवून चहा घ्या म्हणावं. लाईट जायची शक्यता असेल तर यूपीएसची बॅटरी ठीक असणं इथे उपयोगी पडतं.

दुसरी: कॅप्स लॉकचा दिवा

फुकटात होणारी सर्वांत उपयोगी तपासणी हीच. कीबोर्डवर डाव्या बाजूचं कॅप्स लॉक दाबायला सांगा आणि विचारा, कीबोर्डवरचा छोटा दिवा लागला का? पुन्हा दाबल्यावर विझला का?

हा दिवा कीबोर्ड स्वतःहून लावत नाही. बटण दाबल्याची खबर कॉम्प्युटरला जाते आणि कॉम्प्युटर ‘दिवा लाव’ असं उलट कळवतो. म्हणून दिवा लागतो-विझतो याचा अर्थ आतली यंत्रणा जिवंत आहे आणि सभ्यपणे रिस्टार्ट करता येईल. दिवा ढिम्म राहिला तर एकतर यंत्रणा पूर्ण अडकली, किंवा कीबोर्डच सुटलाय. काही वायरलेस कीबोर्डना हा दिवाच नसतो, तेव्हा त्या घरात तो आहे की नाही हे आधीच पाहून ठेवा.

तिसरी: माऊस, कीबोर्ड, मॉनिटर

माऊस वायरलेस असेल तर सेल बदलायचा. बहुतेक माऊसमध्ये घड्याळाला लागतो तोच पेन्सिल सेल असतो, काहींत त्याहून बारीक. माऊसच्या पोटावरचं छोटं बटण ‘ऑफ’कडे सरकलंय का तेही बघायचं, पुसताना ते सरकतं. वायरचा माऊस असेल तर त्याची पिन काढून सीपीयूच्या दुसऱ्या खाचेत बसवायची. यूएसबीची पिन चालू कॉम्प्युटरला काढ-घाल केलेली चालते, हे आवर्जून सांगा, नाहीतर भीतीने हात लावला जात नाही.

स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरच्या दिव्याचा रंग विचारा. पिवळा, नारिंगी किंवा उघडझाप करणारा दिवा म्हणजे मॉनिटरला वीज मिळतेय पण चित्र मिळत नाही. आधी स्पेसबार एकदा दाबून अर्धा मिनिट थांबा, झोपलेला असेल तर जागा होईल. नाही झाला तर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबायला सांगा. याने चित्र दाखवणारा भाग नव्याने सुरू होतो. एक बारीक ‘बीप’ येतो, स्क्रीन क्षणभर लुकलुकते आणि उघडलेलं काम जात नाही. तरीही काळीच राहिली तर मॉनिटरमागची वायर दोन्ही टोकांना नीट दाबून बघायची. फरशी पुसताना सीपीयू जरासा सरकला की ती ढिली होते.

चौथी: सभ्य रिस्टार्ट

कॅप्स लॉकचा दिवा लागत होता तरच हे करा.

डाव्या हाताने कंट्रोल आणि आल्ट धरून उजव्या हाताने डिलीट दाबायला सांगा. पूर्ण स्क्रीन एका रंगाची होऊन चार-पाच ओळी दिसल्या की जमलं. खाली उजव्या कोपऱ्यात पॉवरचं चिन्ह असतं, गोल आणि वरून उभी रेघ. त्यावर क्लिक करून Restart निवडायचं. माऊस चालत नसेल तर टॅब बटण एकेकदा दाबत चिन्हाभोवती चौकट येईपर्यंत जायचं, मग एंटर, मग बाणांच्या बटणांनी Restart आणि पुन्हा एंटर.

याहून सोपी वाट कीबोर्डवरच आहे. विंडोजचं बटण धरून एक्स दाबा, खालच्या बाजूला लांब यादी उघडते. यादी दिसली असं त्यांनी सांगितल्यावरच यू आणि मग आर. यादी न दिसता यू-आर दाबलं तर ती अक्षरं उघड्या फाइलमध्ये टाइप होतात.

Shut down नको, Restart च निवडायला सांगा. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर Shut down केल्यावर यंत्रणेचा गाभा आहे त्या स्थितीत डिस्कवर साठवला जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच परत उचलला जातो. अडकलेली गोष्ट त्याच्यासोबत परत येते. ‘रोज रात्री बंद करतो, तरी सकाळी तेच’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असतं. Restart मध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

एकच प्रोग्रॅम Not Responding असेल तर सगळा कॉम्प्युटर रिस्टार्ट करायची गरज नाही. कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून येणाऱ्या यादीत त्या प्रोग्रॅमवर एकदा क्लिक आणि End task. सेव्ह न केलेलं काम मात्र जाईल, हे आधी सांगा. हिशोबाची फाइल असेल तर स्क्रीनवर दिसतंय त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा म्हणावं, आकडे परत भरता येतात.

पाचवी: बटण धरून बंद करणं

वरचं काहीच चाललं नाही तरच. आधी पेनड्राइव्ह लावलेला असेल आणि त्याचा दिवा लुकलुकत असेल तर तो थांबेपर्यंत थोडं थांबा.

लाल टिकलीचं बटण आधी नुसतं एकदा दाबून सोडायला सांगा आणि दोन मिनिटं थांबा. यंत्रणा थोडी जरी जिवंत असली तर याने कॉम्प्युटर व्यवस्थित बंद होऊ शकतो. काही घरांत हे बटण बंद न करता झोपवतं, मग काही बदलत नाही.

त्यानंतर तेच बटण धरून ठेवायचं. इथे नेहमी चूक होते: दोन सेकंदांत सोडलं जातं, काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं जातं. फोनवर तुम्हीच मोठ्याने मोजा. ‘बाबा, दाबून धरा. सोडू नका. एक... दोन...’ असं दहापर्यंत. साधारण चार-पाचला पंख्याचा आवाज थांबतो, पण दहापर्यंत धरलेलं बरं. पंखा थांबला का, सगळे दिवे विझले का, हे विचारा. मग भिंतीवरचं बटण बंद करून अर्धा मिनिट थांबायचं. आतल्या भागांत उरलेली बरीचशी वीज तेवढ्यात निघून जाते. मग भिंतीचं बटण, यूपीएस, आणि शेवटी लाल टिकली, याच क्रमाने चालू.

थेट यूपीएस बंद करून किंवा पिन ओढून बंद करायची सवय लावू नका. डिस्क लिहीत असताना वीज गेली तर फाइल अर्धवट राहते. बटण धरण्यातही तो धोका आहेच, म्हणूनच ही पायरी पाचवी.

चालू होताना Scanning and repairing drive असं आणि टक्केवारी आली तर हात लावायचा नाही. कितीही वेळ लागला तरी ते पूर्ण होऊ द्या, आणि आलं होतं हे वहीत लिहा.

खोटी सूचना

आवाज करत लाल-निळी पाटी येते, मायक्रोसॉफ्टचं चिन्ह असतं, फोन नंबर असतो आणि बंद होत नाही. वडीलधारी माणसं याला हमखास हँग समजतात आणि तुमच्याआधी त्या नंबरला फोन लावतात. खऱ्या निळ्या स्क्रीनवर फोन नंबर कधीच नसतो, ही एक खूण त्यांना पाठ करून द्या.

एस्केप बटण दोन-तीन सेकंद धरून ठेवलं की पाटी पूर्ण स्क्रीनवरून लहान होते, मग आल्ट आणि एफ४ ने ब्राउझर बंद. नाही झाला तर कंट्रोल-आल्ट-डिलीट. कुठलीही वेबसाइट ही तीन बटणं अडवू शकत नाही, म्हणून ती खोटी पाटी झाकून खरी विंडोजची स्क्रीन येतेच. तिथे Task Manager निवडून ब्राउझरवर End task. परत ब्राउझर उघडल्यावर Restore विचारलं तर नाही म्हणा, नाहीतर तेच पान परत येतं.

फोन केलाच असेल आणि समोरच्याच्या सांगण्यावरून एखादं ॲप घातलं असेल, तर आधी वायफायच्या राउटरचं बटण बंद, मग बँकेला फोन, मग १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार. याच क्रमाने आणि लगेच.

वहीत काय लिहायचं

कॉम्प्युटरशेजारी एक साधी वही आणि दोरीने बांधलेलं पेन ठेवा. एकदाच हँग झाला तर वहीची गरज नाही. पण दुरुस्तीवाल्यापुढे गेल्यावर कॉम्प्युटर हटकून नीट चालतो, आणि ‘अधूनमधून अडकतो’ एवढ्यावरून त्याला काही सापडत नाही. मग तो सगळं पुसून विंडोज नव्याने टाकतो, आणि बिघाड सुट्या भागात असेल तर आठवड्याने परत तेच.

दर वेळी पाच गोष्टी लिहायच्या: तारीख-वेळ आणि तोवर किती वेळ चालू होता, त्या क्षणी काय करत होते, बाण आणि कॅप्स लॉकचा दिवा चालत होता का, काही आवाज, वास किंवा लाईटचा झटका, आणि शेवटी तो कसा सुटला. निळी स्क्रीन आली तर लिहायच्या भानगडीत न पडता फोटो. त्यातला Stop code हा सर्वांत कामाचा भाग.

आता एक उदाहरण घेऊ. राजारामपुरीतलं घर, निवृत्त शिक्षक, सात-आठ वर्षांचा कॉम्प्युटर, आत फिरणारी जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क. वहीतली पानं अशी:

सोमवार, सकाळी १०:४०. चालू करून १० मिनिटं. फोटोंचं फोल्डर उघडलं. बाण हलतो, क्लिक नाही. छोटा दिवा सतत पेटलेला. ३ मिनिटांनी आपोआप सुटला.

मंगळवार. दोन तास बँकेचं आणि बातम्यांचं काम. काही झालं नाही.

गुरुवार, सकाळी ११:०५. सोसायटीच्या हिशोबाची जुनी फाइल उघडताना. कॅप्स लॉक चालतं. १० मिनिटं थांबून बटण धरून बंद. चालू होताना Scanning and repairing drive आलं.

शनिवार, सायंकाळी ६. परत फोटो. आतून टिक-टिक असा आवाज.

आता हे वाचायचं कसं? मंगळवारची नोंद सर्वांत बोलकी आहे. दोन तास इंटरनेट चाललं म्हणजे उष्णतेचा प्रश्न नाही. धुळीने पंखा तुंबला असता तर तो जास्त वेळ चालल्यावर अडकला असता, दहाव्या मिनिटाला नाही. लाईटच्या झटक्याची नोंद नाही, म्हणजे यूपीएसवर संशय कमी. दर वेळी अडकतो तो जुनी फाइल किंवा फोटो उघडताना, म्हणजे डिस्कच्या ठराविक भागातून वाचताना. तो भाग खराब झाला की डिस्क तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आणि विंडोज तिच्या उत्तराची वाट बघत बसतं. म्हणून छोटा दिवा सतत पेटलेला. कॅप्स लॉकला डिस्क लागत नाही, म्हणून ते चालतं. शनिवारची टिक-टिक आल्यावर संशयाला फारशी जागा उरत नाही: डिस्क जाण्याच्या वाटेवर आहे.

इथे रिस्टार्ट थांबवायचा. दर वेळी चालू केल्याने डिस्क आणखी झिजते. आता प्रश्न कॉम्प्युटर वाचवण्याचा नाही, फोटो आणि हिशोब वाचवण्याचा आहे.

नोंदी वेगळ्या असत्या तर निष्कर्षही वेगळा. दर वेळी अर्ध्या-पाऊण तासाने, पंख्याचा आवाज वाढून अडकला आणि थंड झाल्यावर चालला, तर धूळ आणि पंखा. दर वेळी वेगळ्या कामात, दर वेळी वेगळा Stop code, तर रॅम तपासावी. लाईट लुकलुकल्यावरच अडकत किंवा आपोआप रिस्टार्ट होत असेल, तर यूपीएसची बॅटरी किंवा सीपीयूतला वीजपुरवठ्याचा भाग. एप्रिल-मे मध्ये वळिवाच्या दिवसांत अशा नोंदी एकदम वाढलेल्या दिसल्या तर आधी तिकडेच बघा.

कॉम्प्युटर चालू होत असेल आणि डिस्कचा संशय नसेल, तर वहीला जोड म्हणून विंडोजची स्वतःची नोंद बघता येते. विंडोजचं बटण धरून आर दाबायचं आणि चौकटीत हे टाइप करून एंटर:

```
perfmon /rel
```

तारखांची पट्टी येते आणि बिघाड झालेल्या दिवशी लाल फुली दिसते. त्याचा फोटो मागवा. एक लक्षात ठेवा: Windows was not properly shut down ही नोंद बटण धरून बंद केल्यामुळेही पडते, तिला वेगळा बिघाड समजू नका. Hardware error अशी नोंद दिसली तर मात्र ती दुरुस्तीवाल्याला दाखवायची.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

जळका वास, धूर किंवा ठिणगी: भिंतीवरचं बटण बंद. बटण चालू करून ‘एकदा बघूया’ असं अजिबात नको.

सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात किंवा झटका बसतो: आधी इलेक्ट्रिशियन, कॉम्प्युटरवाला नंतर. जुन्या वाड्यांत आणि चाळींत अर्थिंग तुटलेलं असतं. दुरुस्त होईपर्यंत कॉम्प्युटर चालू करायचा नाही.

टिक-टिक किंवा खरखर आवाज, चालू होताना लागोपाठ बीप, किंवा No bootable device अशी ओळ.

एका दिवसात तिसऱ्यांदा बटण धरून बंद करायची वेळ आली.

लॅपटॉपची बॅटरी फुगून खालचं झाकण किंवा टचपॅड उचललं गेलंय: चार्जर काढा, दाबू नका, टोचू नका.

पाणी गेलंय. नदीकाठच्या पेठांत तळमजल्यावर राहणाऱ्यांनी राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की सीपीयू आणि यूपीएस वर उचलून ठेवावेत. २०१९ आणि २०२१ सारख्या पुरानंतर उन्हात वाळवून घरीच चालू करून बघितलं, तर वाचू शकल्या असत्या अशाही डिस्क त्या एका प्रयत्नात जाऊ शकतात. भिजलेला कॉम्प्युटर तसाच, चालू न करता द्यायचा.

सीपीयूचं झाकण वडिलांकडून फोनवर उघडून घेऊ नका. आत वीजपुरवठ्याचा जो पेटीसारखा भाग असतो त्यात पिन काढल्यानंतरही वीज साठलेली राहते.

दुकानात देताना वही सोबत द्या आणि तोंडी सांगण्याऐवजी एका कागदावर लिहून द्या: आधी डेटा दुसऱ्या डिस्कवर घ्या, विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नका. डिस्कचा संशय असेल तर हेही लिहा की डेटा निघेपर्यंत विंडोजची chkdsk ही डिस्क-तपासणी चालवू नका. आजारी डिस्कला ती कोपरान् कोपरा वाचायला लावू शकते आणि तेवढ्यात डिस्क पूर्ण बंद पडू शकते. डिस्क बदलली तर जुनी परत घ्या, त्यावर बँकेचे आणि आधारचे कागद असतात. बँकेचा किंवा ईमेलचा पासवर्ड दुकानात द्यायची गरज नसते. विंडोज उघडायचा पासवर्ड लागला तर देण्याआधी तात्पुरता साधा करून घ्या आणि कॉम्प्युटर परत आल्यावर बदला. पावतीवर सीपीयूचा सीरियल नंबर, आत किती जीबी रॅम आहे आणि डिस्क कितीची आहे हे लिहून घ्यायला आईवडिलांना आठवण करा. हे आकडे आजच, कॉम्प्युटर नीट चालत असताना, वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले तर त्या वेळी फोनवर शोधाशोध करावी लागत नाही.